गळ्यापासून खाली

दादा पिशव्या शिवतो आणि त्याच्या दुकानाचं इन्स्टाग्राम अकाउंट मी सांभाळते. परवा त्याने हट्टाने सहा स्टोऱ्या टाकायला लावल्या. पहिल्या दोन स्टोऱ्यांत तो स्वतः, कापडावर भाषण ठोकताना.

दुसऱ्या दिवशी आकडे बघून स्वारी खूश! "बघ, लोकांनी किती टॅप केलंय!"

"अरे, ते टॅप करून तुला न बघताच पुढे ढकलतायत," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या स्टोरीवर निम्मे लोक बाहेरच पडलेत. उलट सहावीवरून मागे टॅप करून कितीतरी जणांनी पाचवी पुन्हा बघितलीय."

पाचवीत वहिनी एकाच पिशवीतून छत्री, डबा, स्वेटर आणि चपला काढत होती.

मग मी वहिनीला पहिल्या नंबरावर आणलं. स्टोरी दिवसभरात उडून जाते, म्हणून प्रोफाइलवर कायम राहणारे हायलाइटचे गोल मांडले: 'काय मावतं', 'मापं', 'किंमत', 'ऑर्डर'. छोटं दुकानच थाटलं म्हणा ना.

"आणि मी कुठे?" दादाने तोंड फुगवलं.

त्याची समजूत काढायला शेवटी एक गोल टाकला, 'शिवणारा'. आत तेच भाषण.

संध्याकाळी तिथूनच मेसेज आला. दादा उड्या मारत वाचायला लागला: "भाषण ऐकलं नाही, पण तुम्ही घातलेला एप्रन विकत मिळेल का?"

दादा फोन घेऊन तरातरा आत गेला. मग स्वतःच नवा गोल लावून आला, 'एप्रन'. फोटो त्याचाच, पण गळ्यापासून खाली.