संयोजकाचा शब्द

तळेगावच्या कारखान्याच्या ऑफिसात शब्दकोडं मंडळ चालवायची हौस एकट्या केशव सरांना. बाकीच्यांचं कोडंप्रेम बक्षिसापुरतं. स्पर्धेची मेल सरांनी पुन्हा पुन्हा वाचून मगच पाठवली होती. बरोबर शब्दाला दहा गुण, चुकलेल्याला पाच वजा, रिकाम्याला शून्य. गुण सारखे झाले तर ज्याच्या चुका कमी तो जिंकेल, त्याही सारख्या असल्या तर ज्याची उत्तरं आधी आली तो. आणि एका सूत्राला दोन शब्द बसले, तर संयोजक म्हणेल तोच बरोबर.

घोळ नेमका तिथंच झाला. 'सोबत कुणी नसलेला', तीन अक्षरं, पहिलं 'ए'. नीरजाने 'एकटा' लिहिलं, धवलने 'एकाकी'. बाकी सगळं दोघांचं बरोबर. सारं ऑफिस सरांच्या टेबलाभोवती जमलं. एवढी माणसं तिथं कधी फिरकली नव्हती.

"दोन्ही एकच की हो, सर," नीरजा म्हणाली. "दोघांना गुण द्या. माझी उत्तरं आधी आलीत, म्हणजे मीच जिंकते!"

"एकच कसं असेल?" सर खुलले. "चला, चहा घेता घेता सांगतो."

"चहा! चला रे!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा घोळका हसत, भांडत टपरीकडे निघाला. सर चष्मा पुसून उठेपर्यंत जिना रिकामा झाला होता.

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि निकालाची मेल लिहायला घेतली.

बरोबर शब्द : एकाकी.