जांगडीवरचा धंदा

उज्ज्वलाला नऊवारी सुरेख नेसवता यायची, आणि तेवढ्यावरून घरातले दोन पुरुष उद्योगपती झाले.

उधन्यातल्या एका खासगी शाळेत ती शिकवायची. पुढच्या वर्षी राहणार की नाही, हे शनिवारपर्यंत मुख्याध्यापकांना कळवायचं होतं. ओळखीपाळखीतल्या नवऱ्या सजवायला बोलावणी येऊ लागली, तेव्हा ती सहज म्हणाली होती, "यातून काही धंदा होतो का, नुसतं बघू या." पण 'नुसतं' हा शब्द त्या घरात कुणाच्या कानात शिरलाच नाही.

धाकटा दीर शुभम लगेच सरसावला. "वहिनी, कंटेंट! नेसवायचे व्हिडिओ टाकायचे. एकदा बनवला की झोपेतही पैसे येतात."

शुभमला पैशांचा अनुभव नव्हता. झोपेचा मात्र दांडगा होता.

नवरा योगराज रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये एका पेढीवर कारकून. तिथे शेठ बोलतो ते ऐकून घरी येऊन शेठसारखं बोलायची त्याला सवय. "घरोघर जाऊन साड्या नेसवायच्या, हा काय धंदा? ती चाकरी. तू आजारी पडलीस की बंद! धंदा मालाचा. शिवलेल्या नऊवाऱ्या विकायच्या. तू झोपलीस तरी दुकानातला माल विकला जातो."

दोन्ही भावांना तिने झोपावं असं का वाटत होतं, कोण जाणे.

आजारपणाचं बोलणं खोटं नव्हतं, हे तिनेही मनात मान्य केलं. म्हणून ती भांडली नाही, तिन्ही रस्ते तिने थोडे थोडे चालून पाहिले. दोन व्हिडिओ टाकले. लांबलांबच्या मुलींनी फुलं, हृदयं पाठवली. नेसवायला या, असं एकीनेही म्हटलं नाही. असा प्रेक्षक पैसे देईपर्यंत वर्ष तरी घालवावं लागेल, हे तिला कळलं. लग्नघरी मात्र पहाटे व्हिडिओ बघत बसायला कुणाला वेळ नव्हता. तिथे हात हवे होते, आणि हातांचे पैसे त्याच दिवशी मिळत होते. निऱ्या घालता घालता ती विचारायची, "शिवलेली मिळाली तर घ्याल का गं?" "घेऊ की!" म्हणायच्या. पण कंबर एकीची एक, उंची दुसरीची दुसरी, आणि काष्टा प्रत्येकीला वेगळा हवा.

"सहाच साड्या आणा," तिने योगराजला सांगितलं. "जांगडीवर. बायकांना दाखवते. काय पसंत पडतं ते बघू, मग एखादी शिवून पाहू."

जांगड म्हणजे मार्केटचा रिवाज. माल पसंतीवर न्यायचा, नाही खपला तर जसाच्या तसा परत करायचा. योगराजने साठ आणल्या. सहा मागायला म्हणे लाज वाटली.

गुरुवारी ती शाळेतून आली, तर खोलीभर साड्या. शिवलेल्या. लहान, मध्यम, मोठी, अशा तीन मापांत. शुभम मोबाइल धरून त्यांच्याभोवती फिरत होता.

"वहिनी, तसंच उभं राहा! रिअॅक्शन नॅचरल येऊ द्या!"

"अहो, हे काय?"

"सरप्राइज!" योगराज म्हणाला. "टेलर मास्तरला सांगून सगळा लॉट कापून शिवून घेतला. गिऱ्हाइकाला तयार माल दिसला पाहिजे."

आतून सासूबाई, सरलाबाई, आल्या. साडीची शिवण उलटून पाहिली आणि कपाळावर हात मारला. जन्म लिंबायतच्या लूमवाल्यांत, कापडातच गेलेला, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "काय करी टाकं रे पोऱ्या तू हाई! कात्री लागली ना मालाले! आता कोन परत ली?"

योगराजचा चेहरा क्षणभर पडला. रोज शंभर जांगडी लिहिणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पण चूक कबूल केली तर तो शेठ कसला! तो उज्ज्वलाकडे वळला. "परत करायचंय कुणाला? आता एवढा माल विकायला पूर्ण वेळ माणूस लागेल. तू शनिवारची वाट कशाला बघतेस? नोकरी सोडतेय म्हणून उद्याच सांगून टाक."

म्हणजे बघणं संपलं होतं. तिने ठरवायच्या आत कात्रीने ठरवलं होतं.

उज्ज्वला आत गेली. हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं. गुरुवारचा उपास होता, तोंडून वावगा शब्द काढायचा नव्हता. मग फोन उचलला.

"नमस्कार सर. शनिवारपर्यंत थांबत नाही, आताच सांगते. हो, पुढच्या वर्षीही आहे. फक्त लग्नसराईत रविवारी कुठला कार्यक्रम असला तर मला धरू नका."

"अगं, आणि माल?" योगराज ओरडला.

"तो तुमचा धंदा," ती हळूच म्हणाली. "माझा चाकरीचा. तुमच्या गिऱ्हाइकाला साडी अंगावर बसली नाही तर बोलवा मला. येईन. नेसवण्याचे पैसे वेगळे."

"भाऊ," शुभम शूटिंग थांबवत म्हणाला, "हे मस्त आलंय. टाकू का?"