कोरडी बोटं

पालमच्या बसस्टँडसमोर शिवकांत आणि महानंदा यांचं चहा-भज्यांचं हॉटेल. ती कढईपाशी, तो मागं टपात कपबशा विसळायला. दिवसभर हात साबणाच्या पाण्यात. तेच हात मृदंगावर पडले, की मन्मथअप्पांच्या शिवकीर्तनात खांबाला टेकलेली म्हातारी माणसंही पुढं सरकायची. अप्पा म्हणायचे, शब्द माझे, पण त्यांना पाय देतो शिवकांत.

वर्षभरापासून त्याच्या नखांच्या कडा लाल होऊन सुजलेल्या. दाबलं की थोडा पू यायचा. नखं खडबडीत झाली. नखुरडं म्हणून जो तो बोटाला लिंबाची टोपी घालायला सांगायचा. तो घालायचाही.

"शिवकांत, सरबत कुठल्या बोटाचं हाय?" गिऱ्हाइकं विचारायची. तोही हसायचा. पण थाप पडली की कळ कोपरापर्यंत जायची. यंदाच्या सप्ताहात त्यानं अभंग चालू असतानाच मृदंग बाजूला सारला. अप्पा नुसत्या टाळावर पुढं गेले, पण ऐकणाऱ्यांचे डोळे भरले.

महानंदा त्याला परभणीला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी बोटं उजेडात धरली. हे एकदा पिकून बरं होणारं नखुरडं नव्हे, म्हणाल्या. नख आणि कातडी यांना जोडणारी बारीक साल झडली आहे, त्या फटीतून पाणी-साबण आत जातो. लिंबानं तर आणखी आग. सुजलेल्या कडांना मलम लावा, पण खरं औषध हात कोरडे ठेवणं. पाण्यात जायचंच तर आत सुती आणि वर रबरी मोजे. साल परत धरायला काही महिने लागतात.

"महिने?" शिवकांतनं विचारलं.

"आणि त्यानंतरही पाण्यात गेलात की परत."

माणूस ठेवावा एवढं हॉटेल चालत नव्हतं. महानंदानं टप आपल्याकडं ओढला. "तुमी कढई बघा. वाजवायचे हात हायेत ते, देवाचे."

हळूहळू सूज उतरली, नखाशी नवी साल धरली. ताडकळसच्या कीर्तनात त्यानं असं वाजवलं, की अप्पांनी चरण संपलं तरी त्याला थांबवलं नाही. शिवाच्या नावानं सगळा मांडव डोलत होता.

दुसऱ्या दिवशी महानंदानं त्याच्यापुढं चहा ठेवला. तिची बोटं त्याला दिसली. चारही नखांच्या कडा लाल, फुगलेल्या.

"मोजे?"

"फाटतेत. पाणी आत शिरलं की तसंच राहतंय, त्यापेक्षा उघडे हात बरे."

"मला सांगितलं न्हाई."

"तुमी लय दिवसांनी वाजवायलात," ती म्हणाली.

काम अर्धं अर्धं वाटून घ्यावं, तर दोघांचीही बोटं गेली असती. ते दोघांनाही ठाऊक होतं. अप्पांचा फोन आला, पुढचं कीर्तन चारठाण्याला. शिवकांतनं जमायचं न्हाई म्हणून सांगितलं. अप्पांनी कारण विचारलं, तर उगाच दुकानाचं निमित्त दिलं.

मग मलमाची नळी महानंदाच्या हातात देऊन तो मागं गेला. टपात कप साचले होते. त्यानं बाह्या वर केल्या.