पिवळ्या ओळी

मला रागावायला फार काही लागत नाही. एखाद्यानं "बघून कळतं" असं उत्तर दिलं तरी पुरतं. आमच्या ऑफिसातल्या इंदूमावशी हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायच्या, म्हणून त्या जानेवारीत मी सतत तापलेली असायचे.

आमची संस्था बनारस आणि आसपासच्या अकरा प्रसूती केंद्रांसोबत काम करते. दर महिन्याला प्रत्येक केंद्र त्या महिन्यात जन्मलेल्या बाळांची एक्सेल फाइल पाठवतं. दोन किलोच्या आत वजन असलेल्या बाळांची यादी आम्ही काढतो, आणि ती मुलं वर्षाची होईपर्यंत आमच्या कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन त्यांचं वजन घेतात. वजन अडकलं तर मूल दवाखान्यात. एवढंच काम, पण त्यानं मुलं वाचतात. या अकरा फाइली जोडून एक यादी करण्याचं काम इंदूमावशी अठरा वर्षं हातानं करत होत्या. त्यांना आठ दिवस लागायचे.

मी नाशिकची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून इथं आले आणि मराठी बोलणारं माणूस म्हणून मावशींना धरून राहिले. त्या अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या, सहा पिढ्या इथंच. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मी हसले ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी तरीही दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी पुरणपोळी आणली होती.

आमचे साहेब ऋतुराज सर. नागपूरचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मधुरा, आठ दिवसांचं काम आठ मिनिटांत व्हायला हवं. दर महिन्याला तसंच्या तसं. माणसावर अवलंबून नको."

मला तेच हवं होतं. फाइली बघून डोकं फिरायचं. एका केंद्राची तारीख दिवस-महिना-वर्ष, दुसऱ्याची महिना आधी, तिसऱ्याची तारीख म्हणजे नुसता पाच आकडी नंबर. वजन कुठं किलोत, कुठं ग्रॅममध्ये. खाली बेरजेची ओळ, ती बाळ म्हणून मोजली जायची. मी प्रोग्राम लिहिला. तो फाइली उचलायचा, मूळ प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवायचा, तारखा एका साच्यात आणायचा, सगळी वजनं ग्रॅममध्ये करायचा आणि मग डेटाबेसच्या टेबलात भरायचा. तोच महिना पुन्हा चालवला तर आधी त्या महिन्याच्या जुन्या ओळी काढून नव्या भरायचा, म्हणजे दुप्पट होण्याची भीती नाही. भरण्याआधी तपासण्या. सगळे कॉलम आहेत का, तारीख त्याच महिन्यातली आहे का, वजन पाचशे ते साडेपाच हजार ग्रॅममध्ये आहे का. नापास ओळी वेगळ्या टेबलात, कारणासकट.

अडचण फक्त एक होती. केंद्रं एकाच महिन्याची फाइल दोन-तीनदा पाठवायची, चुका दुरुस्त करून. तेच बाळ दोनदा यायचं. नावावरून ओळखावं, तर नाव नसायचं. इथं बरहीला, म्हणजे बाराव्या दिवशी, नाव ठेवतात. तोपर्यंत कागदावर 'बेबी ऑफ फुलमती', 'बेबी ऑफ शांती'.

"मावशी, तेच बाळ आहे हे तुम्ही कसं ओळखता?"

"बघून कळतं गं."

"मला नियम सांगा. मशीनला डोळे नाहीत."

त्या बिचाऱ्या विचार करून सांगू लागल्या. आईचा नंबर एक, जन्मतारीख एक, मुलगा-मुलगी एक, तर तेच बाळ. शेवटची ओळ ठेवायची, कारण ती दुरुस्त केलेली. वजनाकडे बघायचं नाही, वजनच तर दुरुस्त होऊन येतं.

"झालं. एवढंच तर विचारत होते."

"आणि पिवळं बघायचं. ओळ पिवळी असली तर दोन्ही ठेवायच्या."

"रंग म्हणजे माहिती नव्हे, मावशी. प्रोग्राम सेलमधलं लिहिलेलं वाचतो. रंगरंगोटी नाही वाचत."

"अगं पण..."

"ज्याला जे सांगायचं ते त्यानं कॉलमात लिहावं!"

मी हे जरा मोठ्यानं म्हणाले. खोलीतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मावशींनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि परत घातला. पिवळं म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही. आज मला माझ्या सगळ्या शिक्षणाची लाज वाटते ती यासाठी. एक प्रश्न होता, तीन शब्दांचा.

मार्चच्या फाइली एप्रिलच्या तीन तारखेला आल्या. प्रोग्राम सहा मिनिटांत संपला. वाचलेल्या ओळी चारशे बारा. टेबलात गेल्या तीनशे एक्याण्णव, नापास सात, दुबार म्हणून काढल्या चौदा. बेरीज जुळली. सगळ्या तपासण्या हिरव्या. ऋतुराज सरांनी ऑफिसभर समोसे वाटले आणि त्याच आठवड्यात मावशींचं कंत्राट संपलं ते पुढं वाढलं नाही. जाताना त्यांनी टेबलाचा खण पुसून दिला. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. आता "बघून कळतं" ऐकावं लागणार नव्हतं.

त्याच महिन्याच्या मध्यावर निवेदिताचा फोन आला. ती आमची कार्यकर्ती, सायकलवरून गावोगाव जाऊन बाळं तोलणारी.

"दीदी, फुलमती के यहाँ दो बच्चियाँ हैं। लिस्ट में एक ही है।"

मी टेबल उघडलं. फुलमतीच्या नावावर एक ओळ, मुलगी, अठराशे ऐंशी ग्रॅम.

"दूसरी दो किलो से ऊपर होगी। इसलिए लिस्ट में नहीं आई।"

"देखने में तो वही छोटी लगती है, दीदी।"

"निवेदिता, सारे चेक पास हैं। जो लिस्ट में है उसका वज़न लो।"

तिच्या मोबाइलमधल्या फॉर्मात यादीबाहेरचं बाळ भरायची सोय नव्हती. तीही मीच ठेवली नव्हती, उगाच कचरा येऊ नये म्हणून. निवेदिता "ठीक है" म्हणाली. मीही विसरले. मे महिना, जून महिना, दर तीन तारखेला सगळं हिरवं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचा परत फोन. यावेळी तिनं नमस्ते केलं नाही.

"फुलमती की वो दूसरी वाली चली गई, दीदी। परसों। दूध पीना कब से कम था, किसी ने तौला ही नहीं।"

मी मार्चची मूळ फाइल उघडली. प्रोग्रामनं जपून ठेवलेली, जशीच्या तशी. एकाखाली एक दोन ओळी. बेबी ऑफ फुलमती, मुलगी, चौदाशे पन्नास ग्रॅम. बेबी ऑफ फुलमती, मुलगी, अठराशे ऐंशी ग्रॅम. दोन्ही पिवळ्या. आईचा नंबर एक, तारीख एक, दोघी मुली. माझ्या नियमानं शेवटची ओळ ठेवली आणि हलकीला दुबार म्हणून फेकून दिलं. बेरीज जुळणारच होती, दुबार मोजूनच तर मी ती जुळवत होते.

मुलगा-मुलगी जुळं असलं की दोघंही वाचत होती. दोन मुलगे किंवा दोन मुली असल्या की एक गायब. मी त्याच दिवशी सगळ्या महिन्यांच्या मूळ फाइलींतून रंग वाचणारा प्रोग्राम लिहिला. रंग वाचता येतो. चार ओळींचं काम होतं. फुलमतीची ती धरून गाळलेली नऊ मुलं निघाली. निवेदिता आणि बाकीच्यांनी तीन दिवसांत घरं गाठली. उरलेली आठही सापडली, त्यातली दोन थेट दवाखान्यात न्यावी लागली.

मी मावशींकडे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणू या. त्या उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या, मला आत बोलावलं नाही.

सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "फॉर्म वरून येत होता ना गं. त्यात जुळ्यांचा खाना नव्हता. आपल्याला नवा खाना जोडायची इजाजत नव्हती. मग मीच सगळ्या सिस्टरांना फोन करून सांगितलं, पिवळं करत जा. अठरा वर्षं पिवळं करत होत्या त्या."

"मला सांगायचं होतंत, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आता खाना जोडलास?"

"हो. जन्मक्रमाचा. पहिलं, दुसरं."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी टोपलं उचललं आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. रोज लावतात तसंच.

उरलं होतं ते मार्च महिना दुरुस्त करून पुन्हा चालवणं. केंद्रानं नवी फाइल पाठवली, जन्मक्रमासकट. निवेदितानं घरी जाऊन बरहीला ठेवलेली नावं आणली होती. झिलमिल आणि रिमझिम. झिलमिलच्या ओळीत स्थिती 'बंद', पुढं मृत्यूची तारीख. प्रोग्राम चालला, सगळं भरलं गेलं आणि एक ओळ नापास झाली. कारण लिहून आलं होतं, 'एकही भेट नसताना नोंद बंद'.

ही तपासणी माझीच. काही कार्यकर्त्या घरी न जाताच "मूल गावाला गेलं" म्हणून नोंद बंद करायच्या, त्यांना चाप लावायला घातलेली. आतापर्यंत कुणीच त्यात सापडलं नव्हतं.

ऋतुराज सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. "जन्माच्या वजनाची एक भेट दाखव ना. चौदाशे पन्नास. आकडा तर खराच आहे. वरच्यांना रिपोर्टमध्ये लाल काही दिसायला नको."

"भेट झाली नाही, सर."

"मग तेवढी एक तपासणी या महिन्यापुरती बंद कर."

मी काहीच केलं नाही. मला हिंमत होती म्हणून नव्हे. माझ्याशिवाय हा प्रोग्राम चालवायला आता ऑफिसात कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे मला काढता येत नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मावशींना काढता आलं. निवेदितालाही ऑगस्टमध्ये काढलं, 'क्षेत्रभेटीत हलगर्जी' असं लेखी कारण देऊन. तिनं एप्रिलमध्ये फोन केला होता आणि मीच तिला गप्प केलं होतं, हे मी लेखी दिलं. तो कागद कुठं गेला ते विचारायची सोय नाही.

आता दर तीन तारखेला नापास नोंदींची यादी सगळ्यांना जाते. नवीन येतात, दुरुस्त होतात, निघून जातात. मार्चमधली एक राहते. गेल्या महिन्यात दिल्लीहून आलेल्या बाईंनी मीटिंगमध्ये त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ये वाला एरर इतने महीनों से ठीक क्यों नहीं हुआ?"

ऋतुराज सर माझ्याकडे बघू लागले.

"एरर नहीं है, मैडम," मी म्हणाले. "उसके घर कोई गया नहीं था। चेक सही है।"