चार हजारांचं विमान

चार हजारांत दोघांचं विमान! शिंपीबुवांनी ही बातमी दुकानात येईल त्याला ऐकवली. मुलीनं नवं घर घेतलं होतं, तिच्यासाठी शिवलेले पडदे घेऊन दोघं नवरा-बायको निघाले होते. दुसऱ्या कंपनीचं तिकीट दोघांचं मिळून सात हजार सहाशे. त्यात सामान, जागा, खाणं सगळं आलं आणि विमानतळही घराजवळ, मेहुणा गाडीनं सोडणार होता. बायकोचं मन त्याच विमानावर होतं. पण बुवा हट्टाला पेटले. खर्च सात हजार सहाशेच्या वर गेला, तर जन्मात तुला पैशाची अक्कल शिकवणार नाही, असं त्यांनी बोलून टाकलं.

बायकोनं एकच मागणं केलं. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती, शेजारी नवरा हवा होता. जागा निवडायला वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर बुवांनी हात आखडता घेतला. मग कंपनीनं आपल्या मर्जीनं जागा दिल्या, बुवांना चौथ्या रांगेत आणि तिला सत्ताविसाव्या. बायकोनं दोन्ही जागांचे आकडे कागदावर लिहून घेतले, आणि तेच बुवांना टोचत राहिलं.

तिची साखरेच्या आजाराची गोळी खाण्याबरोबर घ्यावी लागायची, म्हणून आधीच नोंदवलेल्या खाण्याचे पाचशे गेले. या स्वस्त विमानाचा विमानतळ गावाबाहेर. पहाटे बस नाही, टॅक्सीचे अकराशे गेले.

पडद्यांच्या बॅगेची मात्र बुवांना खात्री होती. कंपनीचं माप बघून जाड कापडाची, आत फोम घातलेली बॅग त्यांनी स्वतः शिवली होती. विमानाकडे सोडायच्या दाराशी कंपनीच्या बाईंनी ती माप तपासायच्या लोखंडी चौकटीत घालायला सांगितली. बॅग अर्ध्यावर अडली. बुवांनी गुडघा लावून पाहिला, पण फोम हटेना. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं अंगाच्या मापावर दोन बोटं सैल ठेवणाऱ्या हातांनी इथेही दोन बोटं सैल ठेवली होती.

दाराशी बॅगेचे सोळाशे. घरून भरले असते तर निम्म्यात भागलं असतं, असं बाईंनी वर सांगितलं.

बुवांनी बोटांवर हिशेब केला. सात हजार दोनशे. म्हणजे चारशेनं अजून आपणच जिंकलो! ते विजयी मुद्रेनं वळले. बायको पदराचं टोक पिळत काचेबाहेरच्या विमानाकडे बघत होती. चेहरा पांढराफटक पडला होता. बुवांना स्वतःची लाज वाटली.

"सत्ताविसाव्या रांगेत हिच्या शेजारची जागा रिकामी आहे का?" त्यांनी बाईंना विचारलं.

होती. साडेचारशे पडतील. बुवांनी ते निमूटपणे मोजले.

विमान धावायला लागलं तशी बायकोनं डोळे गच्च मिटून त्यांचं मनगट धरलं. बुवांनी कबूल करून टाकलं, "पन्नासनं हरलो गं मी."

"ते पन्नास मी देते," ती डोळे न उघडता म्हणाली, "पण तुम्ही हात सोडू नका."