चार कोपरे कापलेला स्पंज

शिंप्याच्या घरात स्पंजाचा कायदा होता. नवा स्पंज भांड्यांना. आठवडा झाला, किंवा त्याआधीच वास मारू लागला, की कात्रीनं त्याचा एक कोपरा उडवायचा आणि त्याला सिंक घासायला लावायचं. कोपरा गेलेला स्पंज पुन्हा भांड्यांना लागणार नाही म्हणजे नाही. फडकी रोज गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायची. बायकोची केमो सुरू झाली तेव्हा नर्सनं बजावलं होतं, "इतरांना जे सहज पचतं, तेवढ्यानं यांना ताप भरेल." त्या दिवसापासून भांडी त्यानं स्वतःकडे घेतली.

मग मदतीला त्याची थोरली बहीण, आक्का आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे साठी उलटली तरी तिच्यापुढं त्याची मान वर होत नसे.

त्या दुपारी सिंकपाशी त्याचा हात थबकला. भांड्यांचा स्पंज चारी कोपऱ्यांनी कापलेला होता. एक काप सरळ, त्याचा. बाकीचे तीन वेडेवाकडे.

"आक्का, हा कुणी कापला?"

"मीच की. एकीकडून लंगडा दिसत होता, सारखा केला. नवा होता तो ठेवून दिला कपाटात. उगाच कशाला नासायचा?"

"हिचा पेला यानंच घासलास?"

"मग कशानं घासू? स्पंज चांगला उकळून घेतला होता."

"उकळून सगळे जंतू मरत नाहीत गं! उरतात ते त्या भोकांत ओलाव्यानं पुन्हा वाढतात. सिंकमधली घाण आहे ती!"

त्यानं स्पंज कचऱ्यात टाकला. आक्कानं तो उचलून पुन्हा ओट्यावर ठेवला. "राखेनं भांडी घासून तुला मोठा केला. मेलास का?"

आतून बायकोचा बारीक आवाज आला, "अहो, जाऊ द्या ना."

आक्कापुढं दोघांनी जन्मभर जाऊच दिलं होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. कापडाशिवाय कशालाही न लावलेली आपली मोठी कात्री त्यानं आणली आणि आक्काच्या डोळ्यांदेखत स्पंजाचे तुकडे तुकडे केले.

"माझ्यावर कात्री उगारतोस?"

"तुझ्यावर नाही. पण या सिंकपाशी आजपासून तुझं चालणार नाही."

"मग मी कशाला राहू इथं?" आक्कानं पिशवी भरली, चपला घातल्या आणि दाराशी उभी राहिली. आता तो पाया पडेल, याची तिला खात्री होती. तो नव्या स्पंजानं पेला घासत होता. घासून झाल्यावर त्यानं त्यावर उकळतं पाणी ओतलं, पेला पालथा घातला, स्पंज पिळून जाळीवर उभा केला. त्यानं मान वळवली नाही.

"आक्का," तो म्हणाला, "जेवल्याशिवाय जायचं नाही. पण ताट मी घासणार."