डावं बटण

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी नाकारत नाही. दुकानात कुणी शर्टाची बाही आणून "जरा लवकर द्या" म्हणालं तरी माझ्या भुवया वर जातात. त्या सकाळचा राग मात्र मला बरोबरच वाटत होता. म्हणून तर त्याची आठवण अजून बोचते.

मी अंघोळ करून बाहेर आले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास. शेगडीच्या डाव्या बर्नरवर दुधाचं पातेलं उतू गेलेलं, दूध बर्नरवरून खालच्या थाळीत आणि तिथून ओट्यापर्यंत आलेलं. अर्ध्या भोकांतून ज्योतच नव्हती, उरलेल्या अर्ध्यांतून पिवळी, काजळी धरणारी ज्योत फडफडत होती. आणि सासूबाई? शेजारच्या खोलीत, दार उघडं, सात पावलांवर बसून शांतपणे संध्याकाळचा पालक निवडत होत्या.

मी आधी ओट्याखालच्या सिलेंडरचं रेग्युलेटर बंद केलं. ही आमच्या घरची रीत, सासूबाईंनीच मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलेली. आधी खालून बंद करायचं, नळीतला उरलासुरला गॅस जळू द्यायचा, ज्योत आपोआप विझते. तशी ती विझली. मग मी वळले आणि तोंड सुटलं.

"आई, नाक काय गहाण टाकलंय का तुम्ही? अख्ख्या घराला कळलं, तुम्हाला नाही कळलं?"

त्या काहीच बोलल्या नाहीत. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची दोन तयार असतात. उठून आल्या, काडेपेटी घेतली आणि काडीने भोकं कोरायला लागल्या. बर्नर अजून गरम, आणि दुसऱ्याच भोकात काडी मोडून बसली.

"राहू द्या. एकाचं दोन करू नका," मी म्हटलं. त्यांच्या हातातली काडेपेटी काढून ओट्यावर आपटली. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. दार त्या कधी लोटत नाहीत.

शेगडी साफ करणं मला नीट येतं, तेवढी फुशारकी मारते. सगळं थंड होऊ दिलं. जाळ्या काढल्या, बर्नरच्या टोप्या काढल्या, त्याखालची थाळी काढली. टोप्या आणि थाळी गरम साबणाच्या पाण्यात भिजत टाकल्या. सुरीने खरवडलं की थाळीचा वरचा थर निघतो आणि मग तिथे गंज धरतो, म्हणून दूध भिजवूनच सोडवायचं. भोकांसाठी माझ्याकडे शिवणाची बारीक सुई असते. ती टोपीच्या आतल्या बाजूने हलक्या हाताने सरळ घालायची, फिरवायची नाही, नाहीतर भोक मोठं होतं आणि ज्योत बिघडते. मोडलेली काडी आतून ढकलली तेव्हा बाहेर पडली. दातांच्या जुन्या ब्रशने सगळं घासलं. शेगडीच्या अंगावर पाणी ओतलं नाही, पिळलेल्या फडक्याने पुसलं. गॅस येतो त्या मधल्या नळीत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही आणि तिथे सुई तर अजिबात घालायची नाही.

हे सगळं बरोबर केलं. टोप्या उन्हात खिडकीत वाळवल्या, भोकांत पाणी राहिलं नाही हे फुंकून पाहिलं, सगळं जागच्या जागी बसवलं. एकच गोष्ट राहिली. दर वेळी मी लावून बघते, ज्योत निळी आणि गोल आहे ना ते. त्या दिवशी घड्याळात पाहिलं आणि पर्स उचलून पळाले. जाताना "येते" एवढंही म्हटलं नाही.

मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दुपारी पावणेचारला मालकीणबाईंनी चहा मागवला. मी पर्समध्ये रुमाल शोधायला हात घातला तर हाताला लायटर लागला. आमच्या शेगडीचा लायटर. साफ करताना हाताशी नको म्हणून कुठेतरी ठेवला असणार, तो पर्समध्ये.

मला हसू आलं. म्हटलं, आता म्हातारी चहासाठी लायटर शोधत घर डोक्यावर घेईल. मग वाटलं, शोधेल कशाला, काडेपेटी ओट्यावरच आहे. काडी ओढेल.

आणि ते वाटतंय न वाटतंय तोच माझ्या हाताला आठवलं. डोक्याला नाही, हाताला. सकाळी हाताने खालचं रेग्युलेटर बंद केलं होतं. वरचं डावं बटण बंद केलंच नव्हतं. ज्योत आपोआप विझली म्हणून मी ते उघडंच सोडलं, आणि तसंच उघडं ठेवून सगळं पुसलं, चकचकीत केलं. बटणांवरच्या खुणा तर कधीच्या पुसल्या गेल्यात, घाईत नुसतं बघून काही कळत नाही.

दुपारचं जेवण सकाळीच करून ठेवलेलं असतं, शेगडी नंतर पेटते ती थेट चारला, त्या चहा ठेवतात तेव्हा. खालून रेग्युलेटर उघडतील. मग उजवीकडच्या छोट्या बर्नरवर पातेलं. डावीकडून गॅस येत राहील.

तरी मी स्वतःला म्हटलं, वास येईल की. गॅसचा तो कुजका वास मेल्याला उठवेल. वास आला की त्या बंद करतील.

मग सात पावलं आठवली. करपलेलं दूध, उघडं दार, पालक. माझा तो टोमणा. आणि त्यांचं काहीच न बोलणं. सहा महिन्यांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. तेव्हापासून आमटीत हिंग जास्त पडतो, लोणी कढवताना त्या मलाच बोलावतात, "बघ गं झालं का." मी "कंटाळले बाई" म्हणायचे. मी टोमणा मारला होता आणि तो शब्दशः खरा होता.

घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावायला बोट ठेवलं आणि थांबले. गॅस भरलेल्या घरात विजेची कोणतीही वस्तू चालू-बंद करायची नाही, हे मला पाठ आहे. फोनने किती धोका असतो मला ठाऊक नव्हतं, पण तो माझ्यामुळे वाजायला नको होता. शेजारच्या नर्सबाईंना लावावं तर त्या ड्युटीवर, आणि नवरा तीनशे मैलांवर कामाला.

"बाई, घरी जाते," एवढंच म्हणाले. मालकीणबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि हातानेच जा म्हटलं. त्या माझ्या तोंडाला घाबरतात, पण त्या दिवशी मीच घाबरलेली होते.

बस आली तीही मुंगीच्या पावलांनी. प्रत्येक थांब्यावर थांबली, प्रत्येक थांब्यावर कुणीतरी सुट्टे शोधले. मी मनात हिशेब करत होते. चहाच्या आधी त्या धूर बाहेर टाकायचा पंखा लावतात. पंख्याचं बटण. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीवर साचतो, त्या तर काही वाकून बघणार नाहीत. काडी ओढतील. मला देवाचं नावही नीट घेता येईना, नुसतं "आई, आई" होत होतं, आणि ते कुठल्या आईला हेही कळत नव्हतं. दोन थांबे आधीच उतरले आणि धावले. चप्पल एक पायातून निघाली तर ती तिथेच टाकली.

आमची इमारत जागेवर होती. खिडक्यांना काचा होत्या. मी जिना चढायला लागले. मनात घोकत होते, बेल वाजवायची नाही, दिवा लावायचा नाही, किल्लीने दार उघडायचं आणि सरळ खिडकीकडे.

पण किल्ली लागलीच नाही. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर काडेपेटी. मागे आमचं दार सताड उघडं, आतली बाल्कनी उघडी, पडदे वाऱ्याने हलत होते.

"आलीस," त्या म्हणाल्या. "एक चप्पल कुठे गेली?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. मी सहसा रडत नाही, ओरडते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सिलेंडर उघडलं," त्या सांगू लागल्या. "काडी हातात घेतली. मग बटणं चाचपली. ताप आल्यापासून मी चाचपते, सगळी एका रेषेत आहेत ना ते. आज रागात होते, आधी चाचपायचं ते नंतर चाचपलं. डावं आडवं लागलं. बंद केलं, खालचंही बंद केलं. पण मधे किती गॅस बाहेर आला ते मला कळेना गं. मला वासच येत नाही."

"माहीत आहे, आई. आज कळलं."

"म्हणून खिडक्या उघडल्या, पंख्याला हात लावला नाही, बाहेर आले. आत जायचं तर कुणाचं तरी नाक हवं होतं. तुझी वाट बघत बसले."

मी आत गेले. जमिनीला नाक लावून स्वयंपाकघर हुंगलं. कोपऱ्यात, ओट्याखाली, अगदी थोडासा कुजका वास होता. आणखी अर्धा तास सगळं उघडं ठेवायचं ठरवून परत येऊन त्यांच्याशेजारी बसले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "अकरा वर्षांत पहिल्यांदा बटण विसरले."

त्या मांडीवरची काडेपेटी उलटसुलट करत राहिल्या.

"आई?"

"पहिल्यांदा नाही," त्या म्हणाल्या. "तू दर वेळी विसरतेस. ज्योत विझली की तुझं काम झालं. तू टोप्या भिजवायला वळलीस की मी मागून येऊन बटण बंद करते. आज आत जाऊन बसले, म्हणून राहिलं."

"अकरा वर्षं? मला एकदाही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर भांडली असतीस," सासूबाई म्हणाल्या. "आणि बटण काय, बंद करायला कितीसा वेळ लागतो."